अनोळखी ग्राहकाला पहिला फोन

ज्याच्याशी आधी ओळख, पत्रव्यवहार किंवा चौकशी काहीच झालेले नाही, अशा संभाव्य ग्राहकाला विक्रीच्या कामासाठी केलेला फोन. बोलीत याला ‘कोल्ड कॉल’ म्हणतात. कारखान्यांना माल किंवा सेवा पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांमध्ये याचा हेतू फोनवर विकणे हा नसतो, भेटीची वेळ घेणे हा असतो. या नोंदीत पुणे परिसरातले एकच उदाहरण घेतले आहे. भोसरीतली एक सेवा देणारी कंपनी कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड हवेची गळती मोजून देते, आणि तिचा माणूस चाकणच्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स मॅनेजरला पहिल्यांदा फोन करतो.

पहिल्या पंधरा सेकंदांत काय चाललेले असते

फोन उचलणारा पहिल्या काही सेकंदांत मालाचा विचार करत नसतो. हा कोण, ओळखीचा आहे का, बँकेचा किंवा कर्जाचा फोन आहे का, आणि किती वेळ खाणार, एवढेच तो ताडत असतो. याची उत्तरे मिळेपर्यंत बाकीचे शब्द वाया जातात. म्हणून सुरुवातीत चार गोष्टी लागतात: कोण, कुठून, काय काम करता आणि नेमका मलाच फोन का. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि फोन तिथेच पडतो.

फोनवर सावकाश, समजेल असे मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन ते अडीच शब्द होतात. म्हणजे पंधरा सेकंदांत तीस ते अडतीस शब्द बसतात. आपली सुरुवात कागदावर लिहून शब्द मोजले तर ती बहुधा सत्तरच्या घरात निघते. मग माणूस ती घाईने रेटतो, आणि घाईतला आवाज वाचून दाखवल्यासारखा येतो. उपाय जलद बोलण्याचा नाही, शब्द कापण्याचा आहे.

आपल्या उदाहरणातली सुरुवात अशी:

«नमस्कार सर, मी भोसरीच्या अमुक कंपनीतून तमुक बोलतोय. आपली ओळख नाही. आम्ही कॉम्प्रेस्ड हवेची गळती मोजून देतो. तुमची कॉम्प्रेसर ऑपरेटरची जाहिरात पाहिली, म्हणून फोन केला. गुरुवारी प्लांट बंद असतो तेव्हा एखादा कॉम्प्रेसर चालू ठेवावा लागतो का?»

हे 36 शब्द आहेत. ‘आपली ओळख नाही’ हे तीन शब्द काढावेत असे नवख्याला वाटते, पण तेच सर्वांत उपयोगी आहेत. ऐकणारा आवाज ओळखायचा प्रयत्न करत असतो. ओळख नाही हे कळले की तो ते सोडतो आणि पुढचे ऐकतो. शिवाय ओळखीचा आव आणून मिळवलेली तीस सेकंदे नंतर महागात पडतात.

जाहिरातीचा उल्लेख म्हणजे ‘मलाच का’ याचे उत्तर. कॉम्प्रेसर चालवायला वेगळा माणूस नेमणाऱ्या कारखान्यात हवेचा वापर मोठा असणार, हा साधा तर्क त्यामागे आहे. असे कारण फोन करण्याआधी पाच मिनिटांत सापडते: नोकरीची जाहिरात, नव्या शेडची बातमी, त्यांच्या संकेतस्थळावरची यंत्रांची यादी. सापडलेच नाही तर तो फोन त्या दिवशी करू नये. ‘तुमच्या भागात आमचे काम चालू आहे’ हे कारण नव्हे, ते कुणालाही सांगता येते.

शेवटचा प्रश्न गुरुवारचा आहे, आणि तो उगाच निवडलेला नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चाकणच्या या कारखान्याची तीच आहे का हे आधी त्यांच्या रिसेप्शनला विचारून घ्यावे, कारण वार चुकला तर सगळी सुरुवात फसते. यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर जी हवा भरत राहतो ती जवळजवळ सगळी गळतीच असते. मॅनेजरला या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण देताना त्याच्याच मनात शंका येते. चांगल्या पहिल्या प्रश्नाची हीच खूण. ‘तुम्हाला विजेचं बिल कमी करायला आवडेल का?’ हा प्रश्न याच्या उलट आहे. त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि आपल्याला कोंडीत धरले हे माणसाला लगेच कळते.

सुरुवात कुठे बिघडते

‘कसे आहात सर?’ हा सर्वांत रुळलेला दोष. अनोळखी माणसाने विचारपूस केली की समोरचा सावध होतो, कारण कर्ज आणि विम्याचे फोन असेच सुरू होतात. ‘डिस्टर्ब तर नाही ना केलं?’ यात नम्रता आहे, पण खरे उत्तर ‘केलंत’ हेच असते आणि ते देण्याची सोय आपणच करून देतो. समोरून यंत्रांचा आवाज किंवा दुसऱ्याशी चाललेले बोलणे ऐकू आले तर मात्र न विचारता बोलत राहणे हा अडाणीपणा आहे. तिथे ‘तुम्ही शॉपफ्लोअरवर दिसताय, चारला करू का?’ म्हणावे आणि बरोबर चारला करावा.

‘हॅलो’नंतरची दोन सेकंदांची शांतता हाही दोषच. मोठ्या कॉल सेंटरची यंत्रणा फोन उचलल्यावर माणूस जोडते, त्यामुळे तिथे ही पोकळी पडते, आणि लोकांना ती आता पाठ आहे. हाताने नंबर लावणाऱ्याकडूनही ती पडते, कारण घंटी वाजत असताना तो दुसरे काही वाचत असतो.

भाषा समोरच्या पहिल्या उत्तरावरून ठरवावी. चाकणमध्ये मॅनेजर हिंदी बोलणारा निघण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याने ‘हाँ जी’ म्हटल्यावर मराठीत चार वाक्ये रेटण्यात अर्थ नाही. ‘सर’ म्हणण्यापूर्वी पलीकडे बाई आहेत का हेही ऐकावे. घोकलेली सुरुवात म्हणणारे इथे हमखास चुकतात.

भेट मागणे

मॅनेजर म्हणतो, ‘हो, एक चालू असतो, लाइनला प्रेशर ठेवावं लागतं.’ इथे मोह होतो तो बचतीचा आकडा सांगण्याचा. तो आवरावा. फोनवर सांगितलेला रुपयांचा आकडा ऐकणाऱ्याला खोटा वाटतो, आणि खरा वाटला तर तो ‘परचेसला मेल टाका’ म्हणून मोकळा होतो. भेटीची मागणी याच्याच उत्तरातून निघाली पाहिजे:

«मग किती हवा वाया जाते ते तुमच्याच कॉम्प्रेसरवर घड्याळ लावून कळतं. कसं मोजायचं ते दाखवायला वीस मिनिटं लागतील. बुधवारी चारला येऊ, की शुक्रवारी साडेअकराला बरं पडेल?»

या मागणीत भेटीत काय होणार आणि किती वेळ जाणार हे स्पष्ट आहे, आणि निवडायला दोन ठरावीक वेळा आहेत. ‘कंपनीची माहिती द्यायला येतो’ म्हटले तर मॅनेजरच्या हाती काही लागत नाही. मोजण्याची रीत मात्र आपल्याला काम दिले नाही तरी त्याच्याकडे राहते. ती अशी: यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवायचा, आणि तो किती वेळ लोड होतो म्हणजे हवा भरतो, व किती वेळ अनलोड म्हणजे हवा न भरता राहतो हे मोजायचे. समजा 90 सेकंद लोड आणि 210 सेकंद अनलोड आले. 90 ला एकूण 300 ने भागले की 30 टक्के, म्हणजे त्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा एवढा भाग गळतीत जातो. काही आवर्तने मोजून सरासरी घ्यावी. सतत गती बदलणाऱ्या व्हीएफडी कॉम्प्रेसरला ही रीत लागू पडत नाही. म्हणून यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे भेटीआधी विचारून ठेवावे, नाहीतर वीस मिनिटांतली पंधरा सारवासारव करण्यात जातात.

वेळ मागून झाली की गप्प बसावे. तीन-चार सेकंदांची शांतता विक्रेत्याला फार लांब वाटते आणि तो ‘किंवा तुम्हाला जमेल तेव्हा’ असे स्वतःच जोडून आपली मागणी विसविशीत करतो. मॅनेजर फक्त कॅलेंडर बघत असतो.

होकारासारखे दिसणारे नकार

‘या की कधीही, मी इथेच असतो.’ मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणे जड जाते, आणि त्यातून हे वाक्य येते. नवखा हे भेट ठरली असे वहीत लिहितो, चाकणच्या वाहतुकीत दीड तास घालवून गेटवर पोचतो, आणि साहेब मीटिंगमध्ये असतात. ज्यात वार आणि तास नाही ती भेट ठरलेली नाही. उत्तर सरळ द्यावे: ‘गेटवर पास लागेल, म्हणून वेळ विचारतो. बुधवारी चार लिहू?’ गेटपासचे कारण खरे असल्याने ते चिकटपणाचे वाटत नाही. इथेही टाळाटाळ झाली तर तो नकार समजावा.

‘मेल टाका’ याचे दोन अर्थ असतात आणि ते एका प्रश्नात कळतात: ‘टाकतो. त्यात मोजण्याची रीत पाठवू की दर?’ खरोखर रस असलेला माणूस दोन्हींपैकी एक सांगतो. ‘सगळंच पाठवा’ म्हणणाऱ्याला मेल पाठवावा, पण त्याच्या मागे फिरू नये. ‘आमचा माणूस आहे’ हे बहुतेकदा खरे असते. कॉम्प्रेसरची सर्व्हिस करणारा आणि पाइपलाइनची गळती मोजणारा हे वेगळे असू शकतात, एवढे एकदा सांगता येते. दुसऱ्यांदा सांगितले की तो वाद होतो.

भेट ठरली की त्याच दिवशी वार, तारीख, वेळ, येणाऱ्याचे नाव आणि ‘वीस मिनिटे’ हे शब्द लिहून संदेश पाठवावा. अनेक गेटवर सेफ्टी शूज आणि लॅपटॉपची नोंद लागते, तेही त्यातच विचारावे. आदल्या दिवशी दुपारी ‘उद्या चारला येतोय’ असे कळवावे, ‘उद्या येऊ ना?’ असे विचारू नये.

नियम

असा फोन धंद्यापुरता असला तरी दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या व्यावसायिक संदेशांबाबतच्या नियमांतून सुटत नाही. प्रचाराच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवलेली आहे, आणि नको असलेल्या फोनची तक्रार 1909 वर करता येते. नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कारवाई होऊ शकते, असा बदल 2025 मध्ये झाला. स्वतःच्या मोबाइलवरून दिवसभर विकत घेतलेल्या याद्या लावणाऱ्याचा नंबर यात सहज सापडतो. ‘पुन्हा फोन करू नका’ म्हणणाऱ्याचे नाव यादीतून त्याच क्षणी खोडावे, आणि ते कंपनीतल्या बाकीच्यांच्या यादीतूनही खोडले गेले का हे पाहावे. राग बहुतेकदा दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसाने केलेल्या फोनवर निघतो.