आयात वाढली, पण कोणत्या वर्षांत?

बाहेरून येणाऱ्या मालाचा लोंढा अचानक वाढला आणि देशी कारखाने कोलमडू लागले, तर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार देशाला काही काळ आयातीवर जादा शुल्क किंवा कोटा लावता येतो. याला 'सेफगार्ड' म्हणतात. डम्पिंगविरोधी शुल्कापेक्षा हे वेगळं आहे. इथे निर्यातदाराने काही लबाडी केलेली नसते, तो चोख व्यापारच करत असतो. म्हणूनच अटी कडक आहेत: आयात वाढलेली असावी, देशी उद्योगाला गंभीर हानी झालेली किंवा होऊ घातलेली असावी, आणि हानीचं कारण ती आयातच असावी.

यातली पहिली अट वरवर सोपी वाटते. ती किती फसवी आहे, हे अर्जेंटिनाच्या पादत्राणांच्या प्रकरणात दिसलं. 1997 मध्ये त्या देशाने आयात पादत्राणांवर किमान शुल्क बसवलं. आधार होता 1991 आणि 1995 या दोन वर्षांच्या तुलनेचा: आयात सुमारे 89 लाख जोडांवरून दीड कोटींवर गेली होती. युरोपीय समुदायाने तक्रार केली तेव्हा मधली वर्षंही तपासली गेली. आयात 1993 मध्ये सुमारे 2.18 कोटी जोडांपर्यंत चढली होती आणि त्यानंतर दरवर्षी घसरत होती. म्हणजे ज्या लोंढ्याला बांध घालायचा, तो आधीच ओसरायला लागला होता! संघटनेच्या अपील मंडळाने डिसेंबर 1999 मध्ये निकाल दिला की वाढ पुरेशी अलीकडची, अचानक, तीव्र आणि लक्षणीय असावी लागते. फक्त पहिलं आणि शेवटचं टोक जोडून चालत नाही, मधला कल बघावा लागतो.

कारणाच्या अटीवरही अर्जेंटिना अडखळला. त्याच काळात मेक्सिकोच्या चलनसंकटाची झळ लागून देशात मंदी आली होती. मंदीने गेलेली विक्री आयातीच्या खात्यावर मांडता येत नाही. ती वेगळी काढून दाखवावी लागते. शिवाय तपासात मर्कोसूर या दक्षिण अमेरिकी व्यापारी गटातल्या शेजाऱ्यांकडून आलेला माल मोजला होता, शुल्क मात्र त्यांना माफ केलं होतं. जो माल हानीच्या हिशेबात धरला, त्यालाच उपायातून सोडायचं, हा मेळ बसत नाही. माझ्या मते तिन्ही चुकांत ही सर्वांत टाळण्याजोगी होती.

अटी पूर्ण झाल्या तरी मुदत बांधलेली असते. निर्णय लांबला आणि विलंबाने भरून न येणारी हानी होणार असेल, तर 200 दिवसांपर्यंत तात्पुरतं शुल्क लावता येतं. अंतिम निकाल विरोधात गेला तर ते परत करावं लागतं. मुख्य उपाय जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो. नव्याने चौकशी करून तो एकूण आठ, विकसनशील देशांना दहा वर्षांपर्यंत नेता येतो. एक वर्षापेक्षा जास्त काळ चालला तर शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवावंच लागतं, कारण ही सवलत उद्योगाला सावरण्यापुरतीच दिलेली असते.