कड्याच्या टोकाचे स्वप्न

उंच कड्याच्या, गच्चीच्या किंवा कठडा नसलेल्या इमारतीच्या कडेवर आपण उभे आहोत, खाली खोल दिसते आहे आणि पुढे पाऊल टाकावे की मागे सरावे हे ठरत नाही, असा अनुभव देणारे स्वप्न. पडण्याच्या स्वप्नापासून ते वेगळे धरावे लागते. झोप लागता लागता अंगाला हिसका बसतो आणि त्याबरोबर क्षणभर पडल्यासारखे वाटते, ती निद्रारंभीची शारीरिक घटना होय. कड्याच्या स्वप्नात प्रसंग असतो, जागा असते आणि थांबणे असते. अशी लांबलचक, दृश्यमय स्वप्ने प्रामुख्याने रेम निद्रेत, म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या आणि रात्र सरेल तशी लांबत जाणाऱ्या झोपेत, आणि म्हणून पहाटेकडे जास्त पडतात. त्या अवस्थेत हातापायांचे स्नायू जवळजवळ निश्चेष्ट असतात. पाय उचलत नसल्याची जाणीव त्यातून येत असावी असे काही अभ्यासक मानतात. पण नेमका कडाच का दिसावा, हे त्याने उलगडत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 29) पर्वतावर वा प्रासादावर चढणे हे द्रव्यलाभाचे आणि रोगमुक्तीचे, तर पर्वताग्रावरून किंवा अंधाऱ्या खड्ड्यात पडणे हे अशुभाचे चिन्ह मानले आहे. संहितेचा काळ वादग्रस्त असून आजचा पाठ अनेक शतकांच्या संस्कारांतून आलेला दिसतो. तिचा भर चढणे आणि पडणे या दोन क्रियांवर आहे. कडेवरची घुटमळ तीत वेगळी काढलेली नाही. चरकसंहिता स्वप्नांचे सात प्रकार करते आणि पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले व कल्पिलेले यांतून उद्भवणाऱ्या पाच प्रकारांना फळ नाही असे सांगते. नोकरी सोडावी की नाही या विचारात दिवस काढणाऱ्याला पडलेले कड्याचे स्वप्न या न्यायाने निष्फळच ठरेल. आजच्या मानसशास्त्राशी हे मत बरेच जुळते.

कडा आणि निर्णय यांची सांगड तात्त्विक पातळीवर डॅनिश विचारवंत किर्केगॉर याने 1844 मध्ये घातली. खोल दरीत डोकावणाऱ्याला येणारी घेरी त्याने चिंतेच्या विवेचनासाठी घेतली: आपण काय करू शकतो हे दिसल्यानेच माणूस गरगरतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र याने 1943 मध्ये हा मुद्दा अधिक टोकदार केला. पाय घसरेल ही भीती वेगळी आणि आपणच स्वतःला झोकून देऊ ही धास्ती वेगळी. दुसरीपासून कोणताही कठडा वाचवत नाही. जागेपणी अशी उडी मारण्याची ऊर्मी येणे फार विरळ नाही. फ्लोरिडातील विद्यार्थ्यांच्या 2012 मधील पाहणीत, आत्महत्येचा विचार कधीही न केलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी ती अनुभवल्याचे सांगितले.

स्वप्नार्थाच्या वादात बरीच चर्चा स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने नोंदवलेल्या एका उदाहरणाची होते. त्याच्या स्वप्नविचारांची थट्टा करणाऱ्या एका गिर्यारोहक सहकाऱ्याने त्याला आपले स्वप्न सांगितले. बर्फाच्छादित उतारावरून तो चढत जातो, हवा सुरेख असते, जितके वर जावे तितका आनंद वाढतो. शिखर आल्यावरही तो थांबत नाही आणि रिकाम्या हवेतच पावले टाकत वर जातो. त्याला जाग आली ती परमानंदातच. युंगने त्याला विनवले, की यापुढे एकटे जाऊ नये, दोन वाटाडे घ्यावेत आणि त्यांचे निमूट ऐकावे. त्याने ते हसण्यावारी नेले. दोन महिन्यांनी तो हिमस्खलनात गाडला गेला. योगायोगाने तिथे असलेल्या लष्करी तुकडीने त्याला उकरून काढले. आणखी तीन महिन्यांनी, वाटाड्याविना एका तरुण मित्रासह गेला असताना, खडकावरून उतरताना त्याने हवेत पाऊल टाकल्याचे खाली उभ्या एका वाटाड्याने पाहिले. तो मित्राच्या अंगावर कोसळला आणि दोघेही दगावले.

हे सारे आपल्याला युंगच्याच कथनातून कळते, आणि ते घटना घडून गेल्यानंतर लिहिलेले आहे. त्यामुळे स्वप्नाने भविष्य सांगितले असे म्हणण्यास आधार अपुरा आहे. धोक्याकडे काणाडोळा करण्याची जी वृत्ती त्या माणसात जागेपणी होती तीच स्वप्नात दिसली, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. इथे लक्षात घेण्याजोगे म्हणजे स्वप्नात भीतीचा लवलेश नाही. याउलट ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ ॲडलर याने पडण्याच्या स्वप्नांत प्रतिष्ठा गमावण्याची धास्ती पाहिली. त्याच्या दृष्टीने अशी भीती माणसाला पाऊल न टाकण्याच्या बाजूला झुकवते. म्हणून कडा दिसला एवढ्यावरून अर्थ लावणे चुकीचे. कडेवर काय वाटले आणि जाग कोणत्या भावनेत आली, हे जाग येताच टिपून ठेवावे. दिवस चढल्यावर केलेल्या नोंदीत आपण काढलेला अर्थच स्वप्नात मिसळतो.

स्वप्न वारंवार पडून झोप मोडत असेल तर प्रतिमा-सराव ही पद्धत वापरतात. जागेपणी स्वप्न लिहून काढायचे, त्यात हवा तो बदल करायचा (कडेला कठडा येतो, कड्यावरून उतरायला पायवाट सापडते) आणि बदललेले रूप रोज दहा ते वीस मिनिटे मनात पाहायचे. मूळ स्वप्न पुन्हा पुन्हा आठवत बसणे ही यातली नेहमीची चूक. सराव नव्या रूपाचाच करायचा असतो. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये. जागेपणीही मरणाचा विचार घर करून असेल तर हा उपाय पुरेसा नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाला विनाविलंब भेटणे आवश्यक ठरते.