दोन शिल्लक, एकच खाते

‘खात्यात ६०,००० दिसतात, पण काढता येतात ४५,२००. मधले पैसे बँकेने कापले किंवा किमान शिल्लक म्हणून अडवले, होय ना?’

नाही, कापले असते तर पासबुकात नावे नोंद दिसली असती. लेजर बॅलन्स म्हणजे वहीत नोंद झालेली रक्कम. त्यातून अडवलेली किंवा अजून न वटलेली रक्कम वगळली, की उरतो अव्हेलेबल बॅलन्स.

राजारामपुरीतल्या एका खातेदाराचा हिशोब धरू. त्यांनी आयपीओसाठी १४,८०० रुपयांचा अर्ज केला. बँकेने तेवढ्या रकमेवर लीन लावला, म्हणजे ती खात्यातच राखून ठेवली. म्हणून लेजर ६०,००० राहिला आणि वापरायला ४५,२०० उरले. बचत खात्याचे रोजच्या शिलकीवरचे व्याज मात्र पूर्ण ६०,०००वर चालूच राहते, हे फार कमी लोकांना ठाऊक असते.

शेअर मिळाले, की १४,८०० खरोखर वजा होतात. तेव्हा लेजर ४५,२००वर येतो, अव्हेलेबल मात्र हलत नाही. ‘दोनदा कापले’ ही तक्रार इथेच उगवते. शेअर नाही मिळाले तर लीन निघतो आणि पूर्ण ६०,००० मोकळे होतात.

भरलेला चेक वटायचा असेल तरी असाच फरक दिसतो, पण तो वटला की मिटतो. आपण काहीच केलेले नसताना लीन दिसला, तर तो कोणाच्या आदेशाने लागला हे शाखेत लेखी विचारा. कर खात्याची जप्ती किंवा सायबर पोलिसांची सूचनाही त्यामागे असू शकते.