शिलाचक्र : पातळ छेदांतून दिसणारे खडकांचे रूपांतर

अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित हे तिन्ही प्रकारचे खडक एकमेकांत बदलत राहतात. त्या प्रक्रियांच्या साखळीला शिलाचक्र म्हणतात. जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या भूसिद्धांतात या कल्पनेचे मूळ आहे. प्रयोगशाळेत हे चक्र खडकांच्या पातळ छेदांचा संच मांडून शिकवले जाते. प्रत्येक टप्प्याची एक काचपट्टी असते आणि ती ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे प्रकाशाची कंपने एकाच दिशेत ठेवणारे दोन ध्रुवक बसवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहायची असते. चिखलापासून बनणाऱ्या खडकांचा संच त्यासाठी सर्वांत उपयोगी ठरतो. चिखलात ॲल्युमिनियम, लोह, पोटॅशियम आणि पाणी असे सगळेच असल्याने तापमान थोडे वाढले तरी त्यात नवे खनिज उगवते. शुद्ध वाळूच्या दगडाचे तसे नाही. तो कितीही तापवला तरी क्वॉर्ट्झच राहतो, फक्त कण मोठे होतात.

संच पाहताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. चिखल घट्ट होऊन बनलेली शेल, मग पाटीचा दगड, फायलाइट, शिस्ट आणि पट्टेदार नाइस अशा वाढत्या तापमानाच्या ओळीने ठेवलेल्या काचपट्ट्या म्हणजे एकाच दगडाच्या वेगवेगळ्या वेळच्या अवस्था नसतात. ते वेगवेगळ्या ठिकाणचे दगड असतात आणि प्रत्येक जण आपापल्या कमाल तापमानापर्यंत जाऊन थांबलेला असतो. जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या आग्नेय हायलँड्समध्ये हेच नकाशावर दाखवले. त्यांचा शोधनिबंध १८९३ चा. मूळचे चिखलाचे खडक एका दिशेने पाहत गेल्यास क्रमाने कृष्णाभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे पहिल्यांदा भेटतात. कृष्णाभ्रकाच्याही अलीकडे क्लोराइटचा पट्टा असतो. जमिनीवरचा हा क्रम तापमानाचा आहे. त्याला काळाचा क्रम मानायचे, तर त्याचा पुरावा त्या त्या काचपट्टीच्या आतच शोधावा लागतो.

छेदाची तयारी. खडकाचा पातळ छेद काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८४९ पासून रूढ केली. हिऱ्याच्या करवतीने दगडाची चकती कापतात, तिची एक बाजू कार्बोरंडमच्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीवर घासून सपाट करतात आणि ती इपॉक्सीने काचेला चिकटवतात. मग उरलेली जाडी कापून, घासून ०.०३ मिलिमीटरवर आणतात. जाडी मोजायला वेगळे उपकरण लागत नाही, क्वॉर्ट्झच पुरतो. त्याचे द्विअपवर्तन, म्हणजे त्यात दुभंगणाऱ्या प्रकाशाच्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतला फरक, ०.००९ आहे. ३०,००० नॅनोमीटर जाडीला त्याने गुणले की प्रकाशाच्या दोन किरणांतला फरक २७० नॅनोमीटर येतो आणि काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये असा क्वॉर्ट्झ करडा-पांढरा दिसतो. तो पिवळा-नारिंगी दिसला तर छेद जाड राहिला आहे. ०.०५ मिलिमीटरला हा फरक ४५० होतो आणि रंग तिथे पोचतो. जाड छेदात क्वॉर्ट्झला भलतेच खनिज समजण्याची चूक सर्रास होते.

चिखलाच्या खडकांचे छेद काढणे जिकिरीचे असते. शेलमधली माती पाण्याने फुगते, म्हणून कापताना पाण्याऐवजी तेल वापरतात आणि दगडात आधी इपॉक्सी मुरवतात. शिस्टमध्ये अडचण उलटी असते. अभ्रक मऊ आणि गार्नेट कडक असल्याने घासताना अभ्रकाचे पापुद्रे निघून येतात आणि त्यांच्या जागी भोके राहतात. काटकोनातल्या ध्रुवकांत गार्नेटही काळे दिसते आणि भोकही काळेच. एक ध्रुवक बाजूला केला की फरक कळतो. गार्नेट कडांनी उठावदार, खरबरीत आणि तडकलेले दिसते, तर भोकाची जागा सपाट आणि निव्वळ स्वच्छ असते.

दगड कोणत्या दिशेने कापला, यालाही तितकेच महत्त्व आहे. छेद खडकाच्या पापुद्र्यांना, म्हणजे अभ्रकांच्या समांतर रांगांना, काटकोनात असावा. पापुद्र्यांना समांतर कापला तर अभ्रक पसरट पाकळ्यांसारखे दिसते, त्याच्या विदलनरेषा, म्हणजे ते ज्या प्रतलांवर फुटते त्यांच्या रेषा, दिसत नाहीत आणि शिस्टमध्ये पापुद्रे आहेत हेच छेदावरून कळत नाही.

गाळापासून शिस्टपर्यंत. समुद्रतळावर नुकत्याच बसलेल्या चिखलात ६० ते ८० टक्के जागा पाण्याची असते. वर गाळाचे थर साचतात तसे पाणी पिळून निघते. सुमारे ६० ते १२० अंश सेल्सिअसला फुगणाऱ्या मातीचे इलाइटमध्ये रूपांतर होते आणि त्या खनिजाच्या जाळीत अडकलेले पाणीही सुटते. इथपर्यंत खडक गाळाचाच मानतात. शेलचा छेद नवशिक्याला निराश करतो, कारण सगळीकडे तपकिरी धूसरपणा दिसतो. मातीचे कण ०.००४ मिलिमीटरहून लहान आणि छेद ०.०३ मिलिमीटर जाड, म्हणजे एकाच जागी अनेक कण एकमेकांवर चढलेले असतात. स्पष्ट दिसतात ते अधूनमधून विखुरलेले पांढुरके क्वॉर्ट्झचे कण. शेल ओळखायची ती त्यांवरून आणि थरांच्या रेषांवरून.

पाटीच्या दगडात बदल दाबाच्या दिशेने लिहिलेला असतो. भूकवच आडवे दाबले गेले की बारीक अभ्रके दाबाला काटकोनात रांगेत येतात. दगड मग मूळच्या थरांवर फुटत नाही, या नव्या प्रतलांवर फुटतो. चांगल्या छेदात दोन्ही एकत्र दिसतात: रंगाने वेगळे थर तिरपे जातात आणि त्यांना छेदून अभ्रकाच्या रांगा. सॉर्बी यांनी १८५३ मध्ये असेच छेद पाहून ही फाटण्याची दिशा दाबामुळे येते, असे मांडले होते. काचपट्टी फिरवली की अभ्रकाचे कण जवळजवळ एकदम उजळतात आणि एकदम मावळतात. शेलमध्ये इतकी एकजूट नसते.

फायलाइटमध्ये अभ्रक जरा मोठे होते आणि हातातल्या दगडावर रेशमी चमक येते. शिस्टमध्ये ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली क्लोराइटचा फिकट हिरवा रंग मागे पडून कृष्णाभ्रकाचा तपकिरी रंग पुढे येतो. काचपट्टी फिरवताना तो गडद-फिका होत राहतो. सुमारे ५०० अंशांच्या आसपास गार्नेट येते, त्यानंतर स्टॉरोलाइट. या प्रत्येक टप्प्यावर पाणी बाहेर पडते. पुढे दगड थंड झाला तरी तो उलट्या क्रमाने परत चिखल होत नाही, याचे मुख्य कारण हेच. परतीच्या विक्रियांना लागणारे पाणी तोवर निघून गेलेले असते आणि कमी तापमानाला विक्रियाही मंदावतात. म्हणून तर कमाल तापमानाची खनिजे कोट्यवधी वर्षांनंतरही काचपट्टीवर सापडतात.

काळाचा क्रम कसा ओळखायचा. इथे गार्नेट कामाला येते. वाढताना ते आजूबाजूचे क्वॉर्ट्झचे आणि अपारदर्शक खनिजांचे बारीक कण गिळते. गिळलेल्या कणांच्या रांगा सरळ असून बाहेरच्या पापुद्र्यांत सलग मिसळत असतील, तर गार्नेट पापुद्रे तयार झाल्यानंतर वाढले. रांगा सर्पिल असतील, तर गार्नेट वाढत असताना भोवतालचा खडक सरकत होता. रांगा सरळ, पण बाहेरच्या पापुद्र्यांशी कोनात आणि पापुद्रे गार्नेटला वळसा घालून जाणारे असतील, तर गार्नेट आधीचे आणि आजचे पापुद्रे नंतरचे. गार्नेटच्या कडेने आणि तड्यांतून हिरवा क्लोराइट शिरलेला दिसला, तर तो थंड होताना बाहेरून पाणी आल्याची खूण आहे. असा क्लोराइट पाहून खडकाला कमी तापमानाच्या पट्ट्यात टाकणे ही या विषयातली ठरलेली चूक आहे. खनिजांची यादी बरोबर, पण क्रम उलटा वाचला जातो.

कायनाइट आणि सिलिमनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे, Al₂SiO₅. तिसरे भावंड अँडालुसाइट. हे तिन्ही एकत्र स्थिर राहू शकतात तो बिंदू सुमारे ५०० अंश आणि सुमारे ४ किलोबार, म्हणजे साधारण १४-१५ किलोमीटर खोलीचा आहे. कायनाइट दिसले की दाब त्या तापमानाच्या मानाने जास्त होता, अँडालुसाइट दिसले की कमी. सिलिमनाइट बहुधा केसांसारख्या तंतूंच्या जुडग्यांत येते. महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात ॲल्युमिनियमने समृद्ध अशा प्राचीन रूपांतरित खडकांत कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही आढळतात आणि उष्णतारोधक विटांसाठी त्यांचे उत्खनन झालेले आहे. ही खनिजे हातात घेऊन पाहायची, तर स्कॉटलंडला जायची गरज नाही.

हा बदल इतका सावकाश का, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. खडकात उष्णता पसरण्याचा गुणांक सुमारे १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. १० किलोमीटर अंतराचा वर्ग १०⁸ चौरस मीटर, त्याला या गुणांकाने भागले की १०¹⁴ सेकंद, म्हणजे सुमारे ३० लाख वर्षे. गाडला गेलेला चिखल भोवतालच्या खडकांइतका तापायला एवढा काळ लागतो. वितळलेला अग्निज खडक आत घुसतो त्या शिरकावाजवळ हेच काम फार लवकर होते, पण तिथले बदल शिरकावाला लागूनच्या अरुंद पट्ट्यापुरते राहतात.

वितळण्याची कड. पाण्याच्या सान्निध्यात अशा खडकांचा काही भाग सुमारे ६५० अंशांपासून वितळू लागतो. आधी क्वॉर्ट्झ, फेल्स्पार आणि शुभ्र अभ्रक यांच्या मिलापातून फिका द्रव होतो. गार्नेट, सिलिमनाइट आणि कृष्णाभ्रकाचा न वितळलेला गडद भाग मागे राहतो. या मिश्र खडकाला मिग्मटाइट म्हणतात. काचपट्टीवर फिक्या भागातले फेल्स्पार सुघटित स्फटिकांसारखे दिसतात आणि क्वॉर्ट्झ त्यांच्या मधल्या फटीत टोकदार कोपऱ्यांनी शिरलेला असतो. हा पोत द्रवातून गोठणाऱ्या खडकाचा आहे. म्हणजे एकाच काचपट्टीवर रूपांतरित आणि अग्निज असे दोन्ही खडक शेजारी सापडतात. दोघांमधली सीमा नेमकी कुठे आखायची, हे पाहणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहते. द्रव पुरेसा साठून वर सरकला तर ग्रॅनाइट होतो.

ग्रॅनाइट पृष्ठभागावर आल्यावर त्यातला फेल्स्पार खराब होऊ लागतो. छेदात तो धुळकट दिसू लागतो आणि त्या धुळीत केओलिन आणि बारीक अभ्रक असते. कृष्णाभ्रकातून लोह सुटून भोवती गंजाचे डाग पडतात. क्वॉर्ट्झ मात्र स्वच्छ राहतो. झिजल्यावर तो वाळू म्हणून किनाऱ्याजवळ थांबतो आणि फेल्स्पारची माती दूर समुद्रात जाऊन बसते.

दख्खनच्या पठारावरचे विद्यार्थी पहिली काचपट्टी बहुधा बेसाल्टची पाहतात आणि तिच्यात हिरवे खनिज दिसले की तो रूपांतरित होऊ लागला असे लिहून मोकळे होतात. ते घाईचे आहे. दख्खनच्या बेसाल्टमधला हिरवा सेलॅडोनाइट, क्लोराइट आणि पोकळ्यांतले झिओलाइट हे लाव्हा थिजल्यानंतर त्यातून फिरलेल्या कोमट-गरम पाण्याने बनले. त्या खडकावर ना मोठा दाब आला, ना त्याला पापुद्रे आले. पोकळीच्या भिंतीवर हिरवा थर आणि आत झिओलाइट अशी रचना असेल, तर नोंदवहीत ‘पाण्यामुळे बदललेला बेसाल्ट’ एवढेच लिहावे.