ऑक्टोपसची आई का मरते : ‘मृत्यूग्रंथी’ या नावामागचा गुंता

ऑक्टोपसची मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. मग त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत, चूषकांनी ती साफ करत बसून राहते. आधी खाणं कमी होतं, मग थांबतं, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती संपलेली असते. ती उपाशी राहून मरते, असं बरीच वर्षं मानलं जाई. पण नरही समागमानंतर फार काळ जगत नाहीत, आणि त्यांना राखायला अंडी नसतात.

मेंदू आणि डोळ्यामागचा दृष्टिखंड यांना जोडणाऱ्या देठावर दोन छोट्या ग्रंथी असतात. जागेवरून त्यांना ‘ऑप्टिक ग्रंथी’ म्हणतात. पाहण्याशी त्यांचा संबंध नाही. 1959 मध्ये नेपल्समधल्या प्रयोगांत दिसलं की मेंदूतून येणारी एक चेता या ग्रंथींना दाबून ठेवते. ती तोडली की ग्रंथी फुगतात, फिकट रंग जाऊन नारिंगी होतात आणि लहान वयातच जननेंद्रियं पक्व होतात. म्हणजे मूळ काम वयात आणण्याचं.

‘मृत्यूग्रंथी’ हे नाव चिकटलं ते 1977 च्या प्रयोगानंतर. अंडी घातलेल्या माद्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, तेव्हा त्या पुन्हा खाऊ लागल्या, वजन वाढलं आणि त्या बऱ्याच जास्त जगल्या. सांगताना एवढंच सांगितलं जातं. त्याच माद्यांनी अंडी राखणं सोडून दिलं, हे मात्र मागे पडतं. आणि त्या अमर झाल्या नाहीत, पुढे मेल्याच. त्यामुळे ग्रंथीला मारेकरी ठरवणं घाईचं वाटतं. पक्वता, अंड्यांची राखण, उपवास आणि ऱ्हास हे तिने एका सूत्रात बांधलेले टप्पे आहेत. शेवटचा तेवढा वेगळा काढून नाव दिलं गेलं.

ते सूत्र कशाचं, हे कळायला पुढची 40 वर्षं गेली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘दोन ठिपक्यांच्या’ ऑक्टोपसमध्ये ग्रंथीतली जनुकं टप्प्याटप्प्याने तपासली गेली. समागमाआधी तिथे चेतापेप्टाइडांचा, म्हणजे चेतापेशींच्या छोट्या प्रथिनवजा निरोप्यांचा, जोर असतो. अंड्यांवर बसल्यावर तो ओसरतो आणि स्टेरॉइडं बनवणारी जनुकं जागी होतात. 2022 मध्ये रसायनंच मोजली तेव्हा तीन वाटा सापडल्या : प्रोजेस्टेरॉनच्या कुळातली स्टेरॉइडं, पित्ताम्लांचे कच्चे घटक आणि कोलेस्टेरॉल बनण्याच्या आधीच्या पायरीवरचं 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल. हे तिसरं माणसात एका आनुवंशिक विकारात साचतं आणि त्या रुग्णांत स्वतःला इजा करण्याची सवय दिसते. बंदिस्त टाकीतल्या मादीने स्वतःच्या भुजांची टोकं कुरतडण्याशी याची जोड लगेच लावली गेली. साम्य लक्षवेधी आहे, पण कारण म्हणून अजून सिद्ध झालेलं नाही.

घाई सगळ्यांनाच असते असंही नाही. कॅलिफोर्नियालगतच्या सुमारे 1,400 मीटर खोल थंड पाण्यात एक मादी त्याच अंड्यांवर 53 महिने बसलेली पाहिली गेली. ऑक्टोपसच्या नात्यातल्या, आपल्याकडच्या माकूळाचं मात्र सगळं आयुष्य साधारण वर्षभराचं.