ट्रॉलर दोघांचा की दोघांचे वेगवेगळे? संबंधदर्शक अपॉस्ट्रॉफीच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

तलाठी, पोलीस, शिक्षक अशा भरती परीक्षांच्या इंग्रजी भागात एका प्रश्नाचा प्रकार पुन्हापुन्हा दिसतो. वाक्यात रिकामी जागा असते आणि खालचे चारही पर्याय वाचायला जवळपास सारखे वाटतात. फरक असतो तो अपॉस्ट्रॉफीच्या जागेचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अभ्यासिकांत या प्रश्नांवर वाद होतात आणि उत्तरतालिका लागली की हरकतीही घेतल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच हरकती संयुक्त मालकीच्या नियमावर असतात: वस्तू दोघांची सामाईक असेल तर चिन्ह फक्त शेवटच्या नावाला, वेगवेगळी असेल तर दोन्ही नावांना. हा नियम मुळात कुठून आला हे पाहिले, तर त्यातल्या काही हरकती योग्यच ठरतात. (पुढच्या उदाहरणांत इंग्रजी एस या अक्षराच्या जागी ‘स’ लिहिला आहे.)

जुन्या इंग्रजीत आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय होते. संबंध दाखवणारा ‘एस’ त्यांतलाच एक. पुढे बहुतेक प्रत्यय गळाले, हा टिकला. ‘ऑफ’ हा शब्द तेव्हा मुख्यतः ‘पासून’ या अर्थी होता. प्रत्यय गळू लागले आणि नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचचा प्रभाव वाढला, तसे संबंध दाखवण्याचे बरेचसे काम ‘ऑफ’कडे गेले. अपॉस्ट्रॉफी मात्र खूप उशिराची. सोळाव्या शतकात ती फ्रेंचमधून आली ती गाळलेले अक्षर दाखवण्यासाठी. प्रत्ययातला स्वर उच्चारातून गेला होता, म्हणून त्या जागी हे चिन्ह बसले, आणि एकवचनात ते सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळले.

अनेकवचनाचा घोळ इथूनच सुरू होतो. ‘बॉयस’ या अनेकवचनात गाळलेले अक्षरच नाही, मग चिन्ह कशासाठी? अठराव्या शतकात काही व्याकरणकारांनी हा आक्षेप उघडपणे घेतला. ‘बॉयस’’ असे शेवटी चिन्ह लावायची रीत पक्की व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बॉयस, बॉय’स आणि बॉयस’ हे तिन्ही कानाला एकच. ऐकून इंग्रजी शिकलेल्याला इथे कान काहीच मदत करत नाही, आणि पर्यायी प्रश्न काढणाऱ्याला नेमके हेच सोयीचे पडते. पडताळा मात्र सोपा आहे. चिन्ह आणि त्याच्या पुढचे सगळे झाकायचे. जे उरते ते मालकाचे पूर्ण, बरोबर रूप असले पाहिजे. ‘फिशरमेन’स सोसायटी’मध्ये झाकल्यावर ‘फिशरमेन’ उरते, ते बरोबर. ‘फिशरमेनस’ सोसायटी’मध्ये ‘फिशरमेनस’ उरते, आणि असा शब्दच नाही. ‘टू वीकस’ लीव्ह’मध्ये ‘टू वीकस’ उरते, तेही बरोबर.

आता संयुक्त मालकी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘द किंग’स सन ऑफ इंग्लंड’ अशी रचना असे. प्रत्यय राजाला चिकटलेला आणि देश वाक्यांशाच्या शेवटी. नंतर ती ‘द किंग ऑफ इंग्लंड’स सन’ अशी झाली. मुलगा इंग्लंडचा नाही, राजाचा आहे, पण चिन्ह गेले इंग्लंडवर, कारण ते आता एका नामाचा प्रत्यय न राहता अख्ख्या शब्दसमूहाच्या शेवटी बसू लागले होते. हा बदल झाला म्हणूनच ‘गणेश अँड महेश’स’ शक्य झाले.

१७९५ साली निघालेल्या आणि पुढे अनेक दशके शाळांत चाललेल्या एका इंग्रजी व्याकरणात याचा नियम आहे. अनेक नामे जोडून आली तर चिन्ह शेवटच्या नामाला लावावे, बाकीच्यांना ते गृहीत धरावे. मध्ये इतर शब्द आले तर मात्र प्रत्येकाला लावावे. त्याचे कारणही दिले आहे: मधल्या शब्दांमुळे वाढणारा विराम. वस्तू सामाईक की वेगवेगळी, याच्याशी त्या नियमाचा संबंध जोडलेला नाही. ‘शेवटी एकच चिन्ह म्हणजे सामाईक, दोन चिन्हे म्हणजे स्वतंत्र’ ही काटेकोर वाटणी नंतरच्या व्याकरणांनी ठळक केली, आणि शालेय पुस्तकांतून ती आपल्या मार्गदर्शकांत आली. ही वाटणी उपयोगी आहे, पण तिला मर्यादा आहेत, आणि प्रश्नपत्रिका काढताना त्यांकडेच दुर्लक्ष होते.

एक प्रश्न घेऊ. वाक्य असे: ‘गणेश अँड महेश ओन वन ट्रॉलर. ____ ट्रॉलर इज ॲट मिरकरवाडा.’ पर्याय: गणेश अँड महेश’स, गणेश’स अँड महेश’स, गणेश’स अँड महेश, गणेशस’ अँड महेशस’. इथे वाद नाही. पहिले वाक्य मालकी एकत्र असल्याचे सांगते, नाम एकवचनी आहे, क्रियापदही एकवचनी. पहिला पर्याय बरोबर.

आता पहिले वाक्य काढून टाका आणि दुसरे असे करा: ‘____ ट्रॉलरस आर ॲट मिरकरवाडा.’ पर्याय तेच. बहुतेक उत्तरतालिका इथे दुसरा पर्याय देतात. कारण असे सांगतात की नाम अनेकवचनी आहे, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा ट्रॉलर. हे अनुमान टिकत नाही. दोघा भावांचे मिळून तीन ट्रॉलर असणे हर्णैपासून मालवणपर्यंतच्या कुठल्याही बंदरात सहज घडते. मग ‘गणेश अँड महेश’स ट्रॉलरस’ हेच बरोबर. कोकणातला सातबारा पाहिलेल्याला हे चटकन कळेल: एकाच उताऱ्यावर सामाईकात पाच नावे असतात आणि त्याच पाच जणांचे असे तीन-चार उतारेही असतात. वस्तू किती हा एक प्रश्न, मालकी कशी हा दुसरा. अनेकवचन पहिल्याचे उत्तर देते, दुसऱ्याचे नाही. उलट दिशेने मात्र खूण भक्कम आहे. ‘गणेश’स अँड महेश’स’ असे दोनदा चिन्ह आणि पुढे ‘ट्रॉलर इज’ असे एकवचन आले, तर आजच्या प्रमाण लेखनात ती विसंगती धरतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वाक्यात ‘जॉइंटली’, ‘सेपरेट’, ‘ईच’ यांपैकी काही किंवा मालकी सांगणारे दुसरे वाक्य नसेल, तर अनेकवचनी नामावरचा हा प्रश्न रद्द व्हायला हवा. हरकत घेणाऱ्याने नुसता नियम उद्धृत करू नये. दोन्ही पर्याय बरोबर ठरतील अशी एकेक परिस्थिती लिहून द्यावी.

‘ऑफ’बाबतची गाठ याहून सैल आहे. निर्जीवाला ‘ऑफ’, सजीवाला ‘’स’ हे आपल्याकडे नियम म्हणून शिकवले जाते. मुळात तो कल आहे. काळ आणि अंतर दाखवणाऱ्या शब्दांना ‘’स’ जुन्या काळापासून लागतो, आणि विसाव्या शतकात वृत्तपत्रीय इंग्रजीत शहरे, संस्था, देश यांच्यासोबतही तो वाढत गेला. ‘द लेग ऑफ द टेबल’ बरोबर आहेच, पण त्यावरून ‘रत्नागिरी’स हार्बर’ चूक ठरवता येत नाही.

सर्वनाम आले की मात्र संयुक्त मालकीचा नियम बदलतो. ट्रॉलर सामाईक असला तरी शेवटी एकच चिन्ह चालत नाही. दोघांनाही संबंधदर्शक रूप घ्यावे लागते: ‘महेश’स अँड माय ट्रॉलर’. ‘महेश अँड माय ट्रॉलर’ हा पर्याय पहिल्या नियमाशी जुळतो म्हणून उमेदवार तो निवडतात आणि गुण जातो. ‘महेश अँड आय’स’ बोलण्यात ऐकू येते, पण परीक्षेतल्या प्रमाण इंग्रजीत ते चूकच धरतात.