तबेल्याचा मासिक ताळा : खाद्य-रूपांतर आणि प्रतिलिटर खर्च

जनावराने खाल्लेल्या खाद्याचे दूध किंवा अंडी यांत किती प्रमाणात रूपांतर झाले हे सांगणारा आकडा म्हणजे खाद्य-रूपांतर गुणोत्तर. दुभत्या जनावरांत एक लिटर दुधामागे किती किलो शुष्क खाद्य लागले, असा तो मांडतात. आकडा जितका लहान तितके खाद्य कारणी लागले. त्याच नोंदवहीतून एका लिटरचा उत्पादन खर्चही काढता येतो. दर महिन्याला हे दोन आकडे काढून मागच्या महिन्यांशी पडताळणे म्हणजे मासिक ताळा. ही नोंद मुख्यतः मुंबईतील म्हशींच्या तबेल्यांविषयी आहे, कारण तेथे दुभत्या जनावराचा हिशेब गावच्या गोठ्याहून वेगळा पडतो.

शहरातले तबेले एका जागी हलवावेत म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तेथील आणि जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यातील तबेल्यांचा धंदा एका ठरलेल्या चालीवर बसलेला आहे. गुजरात किंवा हरियाणाकडून नुकती व्यालेली म्हैस विकत आणायची, तिचे एक वेत दूध काढायचे आणि ती आटत आली की विकून तिच्या खुंटावर दुसरी बांधायची. भाकड म्हैस महिनोन्महिने पोसायला मुंबईत जागाही परवडत नाही आणि वैरणही. परिणामी तबेल्यात उभी असलेली जवळजवळ प्रत्येक म्हैस दूध देत असते. खाद्य-रूपांतराचा आकडा त्यामुळे चांगला दिसतो. मात्र भाकड काळाचा खर्च कोठे नाहीसा होत नाही, तो म्हशीच्या खरेदी-विक्रीतल्या तोट्यात जाऊन बसतो. हा तोटा प्रतिलिटर खर्चात धरला नाही, तर बाकीचा हिशेब कितीही काटेकोर असला तरी मालकाची दिशाभूल होते.

पहिले माप म्हशींचे. महिन्याच्या पहिल्या तारखेची डोकी मोजून भागत नाही, कारण महिन्यात म्हशी जातात आणि येतात. म्हणून म्हैस-दिवस मोजावेत, म्हणजे एक म्हैस एक दिवस तबेल्यात राहिली की एक. समजा, एका तबेल्यात एप्रिलच्या सुरुवातीला ४० म्हशी होत्या, दहा तारखेच्या संध्याकाळी ४ आटलेल्या गेल्या आणि २१ तारखेला सकाळी ४ नव्या आल्या. तीस दिवसांचे १,२०० म्हैस-दिवस, त्यांतून गेलेल्यांचे ८० वजा आणि आलेल्यांचे ४० जमा, म्हणजे १,१६०. यापुढचे सगळे आकडे या एका संख्येला धरून चालतात.

दुसरे माप आंबोणाचे, आणि नेहमीची चूक येथेच होते. सरकी पेंड, चुणी, भुसा, मक्याचा भरडा यांची महिन्याची बिले बेरीज करून तीच खपत म्हणून लिहिली जाते. पण खरेदी म्हणजे खपत नव्हे. वरच्या तबेल्यात महिन्याच्या सुरुवातीला १,६०० किलो आंबोण शिल्लक होते, ८,००० किलो आले आणि अखेरीस कोठारात २,०६० किलो उरले. खपत झाली ७,५४० किलो, म्हणजे म्हशीमागे रोज साडेसहा किलो. बिलावर विसंबले असते तर एका लिटरमागचे आंबोण ८१ ऐवजी ८६ शतांश किलो दिसले असते, आणि पुढच्या महिन्यात शिल्लक माल संपवताना म्हशी अचानक कमी खाऊ लागल्या असे वाटले असते. अखेरच्या दिवशी कोठारात जाऊन गोण्या मोजाव्यात, फुटलेली गोणी काट्यावर ठेवावी. पन्नास किलोच्या म्हणून आलेल्या गोण्यांपैकी चार-दोन उतरवतानाच तोलून पाहाव्यात. वजनातली तूट पकडली गेली नाही, तर ती ‘म्हशींनी खाल्ले’ म्हणून वहीत चढते.

तिसरे माप दुधाचे. वहीत विकलेले नव्हे, तर काढलेले दूध हवे. रतिबाला गेलेले, घाऊक दिलेले, घरी व कामगारांना वापरलेले, पारडांना पाजलेले आणि नासलेले, हे सारे मिळून धारेच्या बेरजेशी जुळायला हवे. दुसरी गोष्ट फेसाची. धार काढल्याबरोबर मापाने मोजलेल्या दुधात वर फेसाचा थर असतो आणि प्रत्येक मापाला थोडे दूध कमी भरते. त्यापेक्षा कॅन काट्यावर ठेवावा, रिकाम्या कॅनचे वजन वजा करावे आणि आलेल्या किलोंना १.०३ ने भागावे. लिटरचा भरवशाचा आकडा असा मिळतो. उदाहरणातल्या तबेल्यात महिन्याचे दूध ९,२८० लिटर निघाले, म्हैस-दिवसामागे बरोबर आठ लिटर.

आता गुणोत्तर. हिरवा चारा आणि वाळलेले गवत यांची सरळ बेरीज करू नये, कारण हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असते. प्रत्येकाचा शुष्क भाग काढावा : आंबोण व वाळलेले गवत यांत सुमारे ९० टक्के, पॅरा गवतासारख्या हिरव्या चाऱ्यात सुमारे २० टक्के. या तबेल्यात आंबोणाशिवाय म्हशीमागे रोज ५ किलो वाळलेले गवत आणि १५ किलो हिरवा चारा गेला. महिन्याचा शुष्क खुराक झाला १५,४८६ किलो, आणि त्याला ९,२८० लिटरने भागले की उत्तर येते १.६७ किलो प्रतिलिटर. सुमारे पाचशे किलोची म्हैस रोज साडेतेरा किलोच्या आसपास शुष्क खाद्य खाते, हे पटण्याजोगे आहे. हाच आकडा अठरा-वीस किलो निघाला, तर म्हशीपेक्षा काट्यावर किंवा वहीवर आधी संशय घ्यावा.

पावसाळ्यात हा ताळा विशेष फसवतो. जूननंतर येणारा चारा भिजलेला असतो, वजनाला जड आणि शुष्क भागाला हलका. वहीत २० टक्केच धरत राहिले तर गुणोत्तर बिघडलेले दिसते, आणि म्हशींचे पोट मात्र प्रत्यक्षात कमी भरत असते. बारीक कापलेला एक किलो चारा वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलला की खरा टक्का कळतो. पाण्याचे पैसे चाऱ्याच्या भावाने दिले जात आहेत का, तेही त्यात दिसते. फॅटचीही नोंद शेजारी असावी. लिटर वाढले आणि फॅट सात टक्क्यांवरून सहावर आला, तर ती सुधारणा कागदावरचीच असू शकते.

प्रतिलिटर खर्चासाठी उदाहरणापुरते भाव असे धरू : आंबोण किलोला ३४ रुपये, वाळलेले गवत १०, हिरवा चारा ५. खाद्याचा एकूण खर्च ४,०१,३६० रुपये, लिटरमागे ४३ रुपये २५ पैसे. पगार, पाणी, वीज, औषधे, भाडे मिळून १,३६,००० रुपये, म्हणजे आणखी १४ रुपये ६६ पैसे. अनेक वह्या येथेच, सुमारे ५८ रुपयांवर, थांबतात.

राहतो तो म्हशीचा घसारा. म्हैस १,२०,००० रुपयांना आली आणि सुमारे ३०० दिवसांनी ५५,००० रुपयांना गेली, तर ६५,००० रुपये त्या मुक्कामातल्या दुधाने फेडायचे आहेत. रोजचे २१७ रुपये होतात, आठ लिटरला भागून २७ रुपये ८ पैसे. खरा खर्च ५८ नव्हे, ८५ रुपये आहे. शेण विकून १२,००० रुपये आले असतील तर त्यातून सव्वा रुपया वजा होईल, एवढेच. मुंबईत म्हशीच्या दुधाचा घाऊक भाव मार्च २०२३ मध्ये ८० वरून ८५ रुपये झाला होता. अशा भावात पहिला आकडा लिटरमागे २७ रुपये नफा दाखवतो आणि दुसरा जेमतेम तोंडमिळवणी. हातात रोख खेळत असूनही नवी म्हैस घ्यायच्या वेळी उधारी का करावी लागते, याचे उत्तर या २७ रुपयांत आहे. म्हैस ३०० ऐवजी २४० दिवसांतच आटली, तर रोजचे सरासरी दूध तेवढेच राहूनही हा भाग ३४ रुपयांच्या जवळ जातो. मेलेल्या म्हशीचा तोटा त्या एका महिन्यावर न टाकता वर्षभरात वाटून घ्यावा. काही मालक गाभण भाकड म्हैस न विकता गावी सांभाळायला पाठवतात. तेव्हा घसाऱ्यासोबत तिथला चारा आणि नेण्या-आणण्याचे भाडे याच रकान्यात येते.

अंड्यांचा हिशेबही याच मांडणीचा आहे. कोंबडी-दिवसामागे ११२ ग्रॅम खाद्य आणि शंभर कोंबड्यांमागे रोज ८५ अंडी असतील, तर एका अंड्याला सुमारे १३२ ग्रॅम खाद्य पडते. २८ रुपये किलो दराने ते ३ रुपये ७० पैसे होतात. त्यात अंड्यावर येईपर्यंतची तलंग वाढवण्याची किंमत, वजा कळपाच्या अखेरीस विकलेल्या कोंबडीचे पैसे, हा घसारा मिळवावा लागतो. मेलेल्या कोंबड्या त्या दिवसापासून कोंबडी-दिवसांतून कमी केल्या नाहीत, तर उरलेल्या कमी खातात असा भास होतो.

मासिक सरासरीला एक मर्यादा आहे : कोणती म्हैस नुकसानीत आहे ते ती सांगत नाही. त्यासाठी पंधरवड्यातून एकदा प्रत्येकीचे दोन्ही वेळचे दूध वेगळे तोलावे. समजा, एक म्हैस चार लिटरवर आली आहे. ८५ रुपये भावाने तिचे ३४० रुपये येतात आणि सर्वांसारखाच खुराक असेल तर ती रोज ३४६ रुपयांचे खाते. तिचे आंबोण चार किलोवर आणले तर खुराक २६१ रुपयांवर येतो आणि दिवसाला ७९ रुपये उरतात. तिच्या खुंटावर अकरा लिटरची ताजी म्हैस बांधली, तर ९३५ रुपयांतून ३८० रुपयांचा खुराक आणि २१७ रुपयांचा घसारा जाऊन ३३८ रुपये राहतात. पगार आणि भाडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते या तुलनेत धरायचे नाही. दुसरी म्हैस घ्यायला पैसे तयार असतील तर चार लिटरची ठेवण्यात रोज २५९ रुपयांचा तोटा आहे. पैसे नसतील तर रिकाम्या खुंटापेक्षा ७९ रुपये बरे, आणि तिला धरून ठेवावे. विकण्याआधी मात्र डॉक्टरांकडून गाभण आहे का ते तपासून घ्यावे, कारण गाभण ठरलेल्या म्हशीला भाव जास्त मिळतो आणि तेवढाच घसारा कमी होतो.